आरती दोघांनाही येते, पण कारण एक नाही

प्रश्न: बाबांना (वय 63) चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला. चालतात, पण उजवा हात अजून अशक्त आहे. बोलायला गेले की "ते... ते... प... प..." करत अडकतात. मी 31 वर्षांचा, लहानपणापासून अडखळत बोलतो. मावशी म्हणते, बापलेकाचं एकच दुखणं. गणपतीची आरती मात्र आम्ही दोघेही न अडखळता म्हणतो. मी फोनवर टिकटिक लावून बोलण्याचा सराव करतो आणि मला फरक पडतो. तोच सराव बाबांना देऊ का? माझ्या मेंदूतही तसंच काही बिघडलंय का? (घाटकोपर)

उत्तर:

टिकटिकीचा सराव बाबांकडून आत्ता करून घेऊ नका. त्याने अपाय होईल असं नाही, पण त्यांच्यासाठी हे महिने फार मोलाचे आहेत आणि ते भलत्याच व्यायामात जातील. तुमच्या वर्णनावरून बाबांना बहुधा वाचाघात आहे, ज्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात. तुम्हाला आहे तो तोतरेपणा. 'बहुधा' म्हणते, कारण मी त्यांना तपासलेलं नाही, आणि स्ट्रोकनंतर एकाच माणसात बोलण्याचे दोन-तीन त्रास एकत्र असू शकतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

कानाला दोघांचं अडकणं सारखंच वाटतं, म्हणून मावशींचा गैरसमज होणं साहजिक आहे. पण मी तपासायला बसते तेव्हा अडकण्याच्या आवाजाकडे नंतर बघते. आधी बघते ते हे, की या माणसाला हवा तो शब्द त्याच्याजवळ आहे का?

माझ्याकडे येणारा एक तरुण वर्षभर दादरला खिडकीवर भांडुपचं तिकीट काढायचा आणि उतरायचा अलीकडे, कांजूरमार्गला. 'क' तोंडात अडकायचा, मागची रांग कुरकुरायची, म्हणून त्याने एक स्टेशन पुढचं नाव निवडलं होतं. त्याला स्टेशन माहीत होतं, भाडं माहीत होतं, पूल कुठल्या डब्यासमोर येतो तेही माहीत होतं. तोंड उघडायच्या आधीच त्याला कळायचं की आता हा शब्द अडणार, आणि क्षणात तो दुसरा शब्द शोधून वाक्य वळवायचा. तुम्हीही असं करत असाल. तोतरेपणात भाषा शाबूत असते, इतकी की माणूस तिच्यातून आडवाटा काढतो. वाचाघात झालेल्याला हे जमत नाही, कारण मुख्य शब्द हाती लागत नाही तसा पर्यायीही लागत नाही.

हा फरक मी स्वतः एका चुकीतून शिकले. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. 58 वर्षांचे एक हिशेबनीस आले, सोबतच्या चिठ्ठीवर 'स्ट्रोकनंतर तोतरेपणा' असं लिहिलेलं. कपाकडे बोट दाखवून ते "च... च... ते... च..." करायचे. मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि चार बैठका त्यांच्याकडून सावकाश, ताल धरून बोलायचा सराव करून घेतला. काहीच हललं नाही. पाचव्या वेळी त्यांच्या पत्नीने एक कागद पुढे केला. वाण्याची यादी होती, त्यांनी डाव्या हाताने लिहिलेली. त्यांना साखर लिहायची होती. आधी 'मीठ' लिहून खोडलं होतं, मग नुसतं 'सा' लिहून हात थांबला होता.

तो कागद बघून मला उमगलं. तोतरं बोलणाऱ्याची लेखणी तोतरी होत नाही. बोटांतूनही शब्द येत नसेल, तर अडचण जिभेच्या मागे कुठेतरी आहे. मी त्यांच्यापुढे चमच्याचं चित्र ठेवलं. ते म्हणाले, "वाटी... नाही... ते, जेवायचं." मी फक्त "चम" एवढं म्हटलं आणि पटकन आलं, "चमचा!" जीभ, ओठ, आवाज सगळं तयारच होतं. शब्दापर्यंत पोहोचायची वाट तुटली होती आणि पहिल्या ध्वनीने ती क्षणभर जोडली गेली. मग मी म्हटलं, "खिशातलं पाकीट काढा आणि चष्म्याखाली ठेवा." त्यांनी पाकीट काढलं, हातात धरलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. साध्या गप्पा त्यांना समजत होत्या, पण 'खाली' आणि 'आणि' यांनी बांधलेलं वाक्य निसटत होतं. चार बैठका मी तालात घालवल्या होत्या आणि त्यांना गरज होती शब्द शोधण्याच्या सरावाची.

आता मेंदूकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

'काल', 'खाल' आणि 'गाल' हे तीन शब्द हळू म्हणून बघा. तिन्हींत जिभेची मागची बाजू एकाच जागी टेकते. फरक आहे तो गळ्यातला आवाज कधी सुरू होतो याचा. 'ग'मध्ये जीभ सुटायच्या आधीच स्वरतंतू थरथरायला लागलेले असतात. 'क'मध्ये जीभ सुटते त्याच सुमाराला आवाज सुरू होतो. 'ख'मध्ये आधी हवेचा झोत जातो आणि आवाज मागून येतो. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांश भागांचा आहे. आपण सहज बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरं उच्चारतो आणि प्रत्येक अक्षराला श्वास, गळा, जीभ, ओठ, जबडा यांनी ठरल्या क्षणी हलायचं असतं. एक हालचाल सोडून पुढची सुरू करण्याचा 'आता' हा इशारा कुणीतरी द्यावा लागतो.

तो इशारा देणाऱ्या जाळ्यात बेसल गँग्लिया नावाच्या, मेंदूत खोलवर असलेल्या पेशीसमूहांचा मोठा वाटा आहे. तिथून थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या केंद्रामार्गे मेंदूच्या पुढच्या भागात, मध्यरेषेलगतच्या एका पट्ट्याकडे संदेश जातात. आपण आपल्या मनाने, बाहेरचा कुठलाही ताल नसताना बोलतो, तेव्हा हे वर्तुळ वेळ सांभाळतं. तोतरेपणात याच वर्तुळाचे इशारे डळमळीत असतात, असं आज या क्षेत्रातले बरेच जण मानतात. स्वीडनच्या पेर आल्म यांनी 2004 मध्ये ही मांडणी सविस्तर केली. अजून तो सर्वमान्य अंतिम सिद्धांत नाही, पण माझ्या तपासणीच्या खोलीत रोज जे दिसतं त्याच्याशी ती जुळते. शब्दाची सुरुवात सर्वांत जास्त का अडते? कारण पहिला 'आता' तिथेच लागतो. एकदा गाडी सुटली की तुम्ही पुष्कळदा पुढचे चार शब्द सरळ बोलून जाता.

टिकटिकीचा तुम्हाला का उपयोग होतो, तेही यातून कळतं. ताल बाहेरून मिळाला की मेंदू वेळेसाठी दुसऱ्या जाळ्याकडे वळतो, ज्यात लहान मेंदू आणि त्याच्याशी जोडलेले भाग असतात. आतला इशारा उशिरा आला तरी बाहेरचा हजर असतो. आरतीतही तेच होतं. टाळ्या, टाळ, शेजारच्याचा आवाज आणि ठरलेली लय, सगळं बाहेरून मिळतं. कुणाबरोबर एका सुरात साधा उतारा वाचलात तरी अडखळणं जवळपास थांबेल. आजवर कधी न म्हटलेलं गाणं कागद समोर धरून म्हटलंत तरी तेच होईल.

बाबांच्या आरतीचं तसं नाही. आयुष्यभर म्हटलेल्या ओळी मेंदूत सुट्या शब्दांच्या रूपात पडून नसतात, त्या एकसंध साखळीसारख्या असतात. पहिली कडी ओढली की बाकीच्या आपोआप येतात आणि त्यासाठी शब्द निवडावे लागत नाहीत. एक ते दहा आकडे, वारांची नावं, शिव्यासुद्धा अशाच येतात. घरच्यांना वाटतं, "बघा, बोलता तर येतंय, मुद्दाम करतात." कृपा करून घरात कुणालाही हे म्हणू देऊ नका. खात्री करायची तर आरती झाल्यावर त्यातलाच एखादा शब्द त्यांना सुटा विचारा, किंवा न ऐकलेल्या गाण्याची एक ओळ कागदावर लिहून म्हणायला द्या. बहुतेक दोन्ही ठिकाणी ते थांबतील. तुम्ही थांबणार नाही.

वाचाघातात बिघडतं ते भाषेचं जाळं. बहुतेक माणसांत ते मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाचं वर्णन केलं तो जवळजवळ फक्त "तान" एवढंच म्हणू शकायचा, आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. या भागांना रक्त पुरवणारी मोठी शाखा बंद पडली तर भाषेबरोबर उजव्या हाताची ताकदही जाते, कारण त्या हाताला चालवणारा भाग शेजारीच आहे. बाबांचा उजवा हात अशक्त आहे हे तुम्ही लिहिलंत, तिथेच माझा कल वाचाघाताकडे गेला. मराठीत याचं एक रूप मला वारंवार ऐकू येतं. "काल बँकेत गेलो होतो, पैसे काढले" याऐवजी रुग्ण म्हणतो, "काल... बँक... पैसे." प्रत्यय आणि क्रियापदं गळतात, नामं उरतात. बाबा असं बोलतात का, लक्ष देऊन ऐका.

आता अपवाद, कारण 'टिकटिक नको' हे प्रत्येकाला लागू होत नाही. स्ट्रोकनंतर काहींना शब्द सापडतो, पण तो उच्चारायच्या हालचालींची जुळवणी जमत नाही. जीभ चाचपडते आणि तोच शब्द प्रत्येक वेळी वेगळा बिघडतो. याला बोलण्याचा अप्रॅक्सिया म्हणतात. तो वाचाघाताबरोबर पुष्कळदा असतो आणि त्यात तालाचा उपयोग होऊ शकतो. 2011 मध्ये बेंजामिन स्टाल आणि सहकाऱ्यांनी जर्मन रुग्णांवर दाखवलं की गाण्याने मिळणारा म्हणून मानला जाणारा फायदा बराचसा लयीचा आणि पाठ असलेल्या शब्दांचा असतो, आणि ज्यांच्या बेसल गँग्लियाला इजा झालेली असते ते लयीवर जास्त विसंबतात. बाबांच्या एमआरआयच्या अहवालात इजा नेमकी कुठे लिहिली आहे, हे म्हणून मला बघायला आवडेल.

दुसरा अपवाद म्हणजे स्ट्रोकने खरोखरच आलेला तोतरेपणा. तो कमी दिसतो, पण असतो. 2024 मध्ये कॅथरीन थाइस आणि फिनलंडमधल्या संशोधकांनी, स्ट्रोकनंतर अडखळू लागलेल्यांच्या इजा एकत्र तपासल्या. त्या मेंदूत वेगवेगळ्या जागी होत्या, पण एकाच जाळ्याशी जोडलेल्या निघाल्या आणि त्या जाळ्याच्या केंद्राशी डाव्या बाजूचा पुटामेन होता. पुटामेन हा बेसल गँग्लियाचाच भाग, म्हणजे तुमच्या प्रकारच्या तोतरेपणात ज्याच्यावर संशय आहे तोच परिसर. हा तोतरेपणा ओळखायला मी एकच उतारा लागोपाठ पाच वेळा वाचून घेते. लहानपणापासून अडखळणाऱ्याचं अडखळणं बहुधा प्रत्येक वाचनाला कमी होत जातं. स्ट्रोकने आलेलं बहुतेकदा तितकंच राहतं, शब्दाच्या मध्येही येतं आणि माणूस त्याच्याशी झटताना दिसत नाही. डोळे मिटणं, मान झटकणं, मांडीवर हात आपटणं हे सगळं वर्षानुवर्षं अडखळलेल्याच्या अंगात मुरलेलं असतं.

आणि एक गोष्ट आजी किंवा काकांना विचारा. बाबा लहानपणी अडखळायचे का? तोतरेपणा घराण्यात उतरतो हे खरं आहे, तेवढ्यापुरतं मावशी बरोबर आहेत. लहानपणी गेलेला तोतरेपणा स्ट्रोकनंतर परत आल्याची उदाहरणंही आहेत. पण वाचाघात वारशाने मिळत नाही. स्ट्रोकमध्ये तो मेंदूची रक्तवाहिनी अडल्याने किंवा फुटल्याने होतो.

तुमच्या मेंदूचं सांगायचं तर, बाबांसारखी जखम तिथे नाही. तोतरं बोलणाऱ्यांच्या गटाची इतरांशी तुलना केली की डाव्या बाजूला, तोंड आणि गळा चालवणाऱ्या भागाच्या खालचे जोडणारे तंतू थोडे कमी सुबक रचलेले दिसतात. मार्टिन सोमर यांनी जर्मनीत 2002 मध्ये हे दाखवलं आणि पुढे लहान मुलांतही तसे फरक सापडले. उजवी बाजू बोलताना जास्त काम करताना दिसते. पण हे फरक गटाच्या सरासरीत दिसतात. तुमच्या एकट्याच्या एमआरआयवर कुणी 'तोतरेपणा' वाचू शकत नाही, म्हणून त्यासाठी तो काढू नका. तोतरेपणामुळे स्ट्रोकही होत नाही. बाबांच्या स्ट्रोकमुळे तुम्ही एकच करायचं आहे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि तंबाखू असेल तर सोडा.

टिकटिकीबद्दल तुम्हालाही थोडं सावध करते. तिच्यावर बोलणं सुधारतं, पण बंद केल्यावर फायदा फारसा टिकत नाही, आणि खिडकीवर किंवा इंटरव्ह्यूत तिच्या ठेक्यात बोलणं कृत्रिम वाटतं. माझ्या कामात ती दारापर्यंत नेणारी पायरी असते. पुढे शब्दाची सुरुवात हलक्या स्पर्शाने करणं, अडकलं तरी जोर न लावता त्यातून सरकत बाहेर येणं, आणि टाळलेले शब्द मुद्दाम म्हणणं यावर वेळ जातो. कांजूरमार्गवाल्या मुलाशी आम्ही शेवटी तेच केलं. मी रांगेत त्याच्या मागे उभी राहिले आणि त्याने "क्...क्... कांजूरमार्ग" असंच अडखळत तिकीट घेतलं. ते अडखळलेलं तिकीट माझ्या लेखी भांडुपच्या सरळ तिकिटापेक्षा मोठं होतं, आणि त्याच्याही.

बाबांच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते हे खरं, पण ती तिथे थांबत नाही. 2017 मध्ये जर्मनीतल्या 19 केंद्रांत स्ट्रोकला सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ झालेल्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान 10 तास थेरपी दिली आणि त्यांचं रोजच्या गरजेपुरतं बोलणं सुधारलं. मुंबईत एवढे तास एका थेरपिस्टकडे मिळणं आणि परवडणं कठीण, ते मला रोज दिसतं. म्हणून घरचा वाटा मोठा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. तिथे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या वाचाउपचार विभागात आधी पूर्ण तपासणी करून घ्या. ती घरी ज्या भाषेत बोलता त्या भाषेत व्हायला हवी. बाबा ऑफिसात हिंदी-इंग्रजी बोलत असतील तर त्या भाषाही बघायला सांगा, कारण सगळ्या सारख्याच बिघडलेल्या असतील असं नाही.

घरी आजपासून एक करा. बाबांना पाणी हवं असेल आणि ते "प... ते..." वर अडले, तर दहा सेकंद शांत थांबा. नाही आलं तर शब्द सांगू नका, त्याच्याभोवतीचं विचारा. "कुठे ठेवतो? माठात? कशाने पितो?" तरी नाही आलं तर पहिला ध्वनी द्या, "पा..." आणि शेवटी पूर्ण शब्द. मग तो त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या आणि लगेच पाणी द्या. रोज अशा आठ-दहा वस्तू पुरेत, पण त्यांच्याच गरजेच्या हव्यात: चष्मा, गोळी, रिमोट, टॉवेल. जास्त गुंतागुंतीचं असेल तेव्हा "चहा की दूध?" असे दोन पर्याय द्या आणि दोन्ही वस्तू दाखवा.

तुमच्याशी बोलताना घरच्यांनी नेमकं उलट करायचं आहे. ना पहिला ध्वनी, ना पूर्ण शब्द. शब्द तुमच्याकडे आहे, त्यांनी फक्त थांबायचं. एकाच टेबलावर दोन माणसांसाठी दोन नियम पाळणं मावशींना अवघड जाईल, म्हणून तुम्हीच त्यांना हे समजावून सांगा.

एक खबरदारी लगेच सांगायला हवी. बाबांचं बोलणं एके दिवशी अचानक आणखी बिघडलं, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला अचानक अडखळायला लागलं, तोंड वाकडं झालं, हात पडला, तर थेरपिस्टला फोन करू नका. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात त्याच क्षणी न्या. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घाटकोपरहून संध्याकाळी निघायचं तर त्यातला किती वेळ रस्त्यात जातो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तपासणीला जाताना एमआरआयचा अहवाल, बाबांनी डाव्या हाताने लिहिलेली एक वाण्याची यादी, आणि त्यांच्या बोलण्याचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग न्या. रेकॉर्डिंगमध्ये आरती नको. काल दिवसभरात काय केलं ते त्यांना सांगू द्या, आणि तुम्ही मध्ये बोलू नका.